पॉवर फॅक्टर: बर्फाच्या कारखान्याचा त्रिकोण कागदावर काढून पाहा

गोव्यातल्या मालीम, कुटबण किंवा वास्को, कुठल्याही मासेमारी जेटीच्या आसपासच्या बर्फाच्या कारखान्यात सर्वांत जास्त वीज खाते ती कॉम्प्रेसरची मोटर. अशा ठिकाणी नव्यानं कामाला लागलेल्या वायरमनला किंवा हिशेब बघणाऱ्या माणसाला पहिल्याच महिन्यात ‘पॉवर फॅक्टर कमी आहे’ हे वाक्य ऐकू येतं. त्यावर ‘कपॅसिटर लाव’ हे उत्तरही लगेच मिळतं. पण किती लावायचा, कुठे लावायचा आणि लावल्यावर नेमकं काय बदलतं, हे फारसं कुणी सांगत नाही. ते एका त्रिकोणातून दिसतं आणि तो त्रिकोण काढायला ग्राफ पेपर, कंपास आणि कोनमापक पुरतं.

खालचे आकडे एका मध्यम आकाराच्या कारखान्याला शोभतील असे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्याकडचे आकडे वेगळे निघतील, रीत हीच राहील.

आधी मोजून घ्या

कॉम्प्रेसर, ब्राइन म्हणजे मिठाचं पाणी ढवळणारा अॅजिटेटर आणि पाण्याचे पंप नेहमीसारखे चालू असताना मुख्य पॅनेलच्या इनकमरवर, म्हणजे बाहेरून वीज आत येते त्या मुख्य स्विचवर, मोजायचं. सकाळी मशीन नुकतं सुरू झालेलं असताना किंवा बर्फ काढायच्या गडबडीत मोजू नका, लोड स्थिर होऊ द्या. किलोवॅट दाखवणारा टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर, असेल तर उत्तम. नसेल तर पॅनेलवरच्या डिजिटल मीटरवरून व्होल्टेज, करंट आणि किलोवॅट टिपून घ्या. तिन्ही फेजचे करंट साधारण सारखे आहेत ना, हे त्याच वेळी पाहा. त्यांत मोठा फरक असेल तर आधी तो दोष शोधायला हवा, कारण पुढचा हिशेब तिन्ही फेज समतोल आहेत असं धरून चालतो. चालू पॅनेलचं झाकण उघडून हात घालण्याचं काम परवानाधारकाचंच आहे. नवख्यानं शेजारी उभं राहून आकडे लिहून घ्यावेत.

आपल्या उदाहरणात मिळालेले आकडे असे: ४१५ व्होल्ट, ८५ अँपिअर, ४४ किलोवॅट.

आता व्होल्टेज आणि करंट यांचा सरळ गुणाकार करू. थ्री फेज असल्यामुळे त्यात √३ येतो.

```
√३ × ४१५ × ८५ ÷ १००० = ६१.१ केव्हीए
४४ ÷ ६१.१ = ०.७२
```

वीज खात्याच्या तारांमधून ६१.१ केव्हीए येतंय आणि प्रत्यक्ष काम होतंय ४४ किलोवॅटचं. या दोघांचं गुणोत्तर ०.७२, हाच पॉवर फॅक्टर. इथपर्यंत बहुतेकांना समजतं. खरी अडचण पुढच्या प्रश्नापाशी येते: मग उरलेले १७ केव्हीए कुठे गेले? असा प्रश्न विचारला की वाट चुकते, कारण इथे साधी वजाबाकी चालत नाही.

कोन म्हणजे काय ते घड्याळात मोजा

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत होतं. पूर्ण चक्राला ३६० अंश म्हणतात. गीझरच्या कॉइलमध्ये व्होल्टेज ज्या क्षणी टोकाला जातं, त्याच क्षणी करंटही टोकाला जातो. मोटरमध्ये तसं होत नाही. मोटरच्या वाइंडिंगला आधी चुंबकीय क्षेत्र उभं करावं लागतं, म्हणून तिचा करंट व्होल्टेजच्या मागून येतो. ही जी मागे राहण्याची वेळ आहे, ती अंशांत मांडली की फेज कोन मिळतो. त्याला φ लिहितात आणि फाय म्हणतात.

कॅल्क्युलेटरवर ०.७२ चा cos⁻¹ काढा, ४३.९ अंश येतील. २० मिलिसेकंदांना ३६० नं भागून ४३.९ नं गुणलं की येतात सुमारे २.४ मिलिसेकंद. आपल्या कारखान्यात करंट व्होल्टेजच्या इतका मागे चालतोय.

या २.४ मिलिसेकंदांत काय घडतं ते एका फेजपुरतं नीट पाहू. प्रत्येक अर्धं चक्र १० मिलिसेकंदांचं असतं. व्होल्टेजनं दिशा बदलली तरी मागे राहिलेला करंट अजून जुन्याच दिशेनं वाहत असतो. दोघांच्या दिशा उलट, म्हणून त्या वेळात ऊर्जा मोटरकडून परत लाइनकडे जाते. चुंबकीय क्षेत्रात साठवलेली ऊर्जा मोटर परत देते आणि पुढच्या क्षणी पुन्हा मागून घेते. प्रत्येक १० मिलिसेकंदांतले २.४ मिलिसेकंद ही परतीची वाहतूक चालू असते. तिच्यातून बर्फाची एक लादीही तयार होत नाही, पण तारांमधून करंट मात्र खराखुरा वाहतो आणि तारा खऱ्याखुऱ्या तापतात.

कोसाइनचा संबंध इथेच येतो. ८५ अँपिअरचे दोन भाग करता येतात. एक भाग व्होल्टेजच्या बरोबरीनं चालणारा: ८५ × cos ४३.९°, म्हणजे ६१ अँपिअर. काम करतो तो हाच. दुसरा भाग व्होल्टेजपासून पाव चक्र मागे चालणारा: ८५ × sin ४३.९°, म्हणजे ५९ अँपिअर. चुंबकीय क्षेत्र उभं करतो तो हा. ६१ आणि ५९ यांची बेरीज १२० होते, टाँग टेस्टर मात्र ८५ दाखवतो. टेस्टर चुकलेला नाही. दोन्ही भागांची टोकं वेगवेगळ्या वेळी येतात, म्हणून त्यांची बेरीज काटकोनात होते: ६१ चा वर्ग अधिक ५९ चा वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ ८५.

पॉवर फॅक्टर शिकवताना बियरच्या ग्लासातली बियर आणि वरचा फेस हे चित्र सर्रास दाखवतात. मला ते नवख्यासाठी घातक वाटतं. ग्लासात बियर आणि फेस एकावर एक चढतात, म्हणजे त्यांची साधी बेरीज होते. ते चित्र डोक्यात बसलं की मुलगा ६१.१ मधून ४४ वजा करतो आणि १७ चा कपॅसिटर मागवतो. प्रत्यक्षात लागणारा आकडा याच्या कितीतरी पुढे आहे, हे आता त्रिकोणातच पाहू.

त्रिकोण काढा

ग्राफ पेपर घ्या आणि प्रमाण ठरवा: १ सेंटिमीटर म्हणजे ५ एकक. डावीकडच्या बिंदूपासून उजवीकडे ८.८ सेंटिमीटरची आडवी रेघ मारा. हे झाले ४४ किलोवॅट, त्रिकोणाचा पाया. त्याच्या उजव्या टोकावर सरळ वर जाणारी उभी रेघ हलकेच काढून ठेवा. आता कंपासमध्ये १२.२ सेंटिमीटर घ्या, म्हणजे ६१.१ केव्हीए. डावीकडच्या बिंदूवर टोक रोवून उभ्या रेघेला छेद द्या. छेदापासून डावीकडच्या बिंदूपर्यंत रेघ जोडली की त्रिकोण पूर्ण झाला.

उभी बाजू पट्टीनं मोजा. साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे ४२ च्या जरा वर. गणितानं नेमका आकडा ४२.४ केव्हीएआर येतो. याला रिअॅक्टिव्ह पॉवर म्हणतात. डावीकडच्या कोपऱ्यावर कोनमापक ठेवा, ४४ अंश दिसतील. मघाशी मिलिसेकंदांतून पाहिलेला कोनच कागदावर उतरला आहे. पायाला तिरप्या बाजूनं भागलं की cos φ मिळतो. त्यासाठी वेगळं सूत्र पाठ करायची गरज नाही.

आता त्याच कोपऱ्यातून दुसरी तिरपी रेघ काढायची आहे, आपल्याला हव्या असलेल्या पॉवर फॅक्टरची. ०.९५ धरू. त्याचा कोन १८.२ अंश. कोनमापकानं १८ अंशांची खूण करून रेघ मारा. ती उभ्या बाजूला पायापासून साधारण २.९ सेंटिमीटरवर छेदते, म्हणजे १४.५ केव्हीएआर. त्या छेदापासून जुन्या टोकापर्यंतचा तुकडा मोजा. साधारण ५.६ सेंटिमीटर, म्हणजे २८ केव्हीएआर. एवढा कपॅसिटर लागणार. गणितानं पडताळायचं असेल तर:

```
Q = P × (tan φ₁ − tan φ₂)
  = ४४ × (०.९६३ − ०.३२९) ≈ २८ केव्हीएआर
```

या चित्रात पाया दोन्ही वेळा तोच आहे, तिकडे लक्ष द्या. ४४ किलोवॅट होते ते ४४ किलोवॅटच राहिले. कपॅसिटर मोटरचं काम कमी करत नाही. मोटरला चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी ये-जा तो जवळच्या जवळ भागवतो, त्यामुळे ती लाइनपर्यंत जात नाही. लहान होते ती तिरपी बाजू: ६१.१ केव्हीए वरून ४६.३ वर. इनकमरचा करंट ८५ वरून साधारण ६४ अँपिअरवर येतो. तारेत उष्णतेच्या रूपानं होणारा विजेचा नाश करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून त्या केबलमधला नाश जवळजवळ ४३ टक्क्यांनी घटतो.

घरात प्लगला लावायचे ‘वीज बचत’ डबे विकायला येतात, त्यांचं उत्तरही याच चित्रात आहे. घरगुती मीटर पाया मोजतो आणि पाया बदलतच नाही. ते डबे घेऊ नका.

बिलाशी ताळा करा

एका क्षणाचं मोजमाप आणि महिन्याची सरासरी यांत फरक पडतो. मीटरच्या स्क्रीनवर `kWh` आणि `kVAh` असे दोन आकडे फिरत असतात. महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही टिपा, फरक काढा आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागा. समजा १४,२०० आणि १९,४०० आले, तर सरासरी ०.७३. आपल्या मोजमापाशी हे जुळतं. इथे ०.६० आलं असतं तर दिवसाचा काही काळ मोटर फार हलक्या लोडवर फिरतेय असं समजायला हवं होतं. हलक्या लोडवर मोटरचा पाया आखूड होतो, उभी बाजू मात्र फारशी कमी होत नाही, कारण चुंबकीय क्षेत्र रिकाम्या मोटरलाही लागतंच. गरजेपेक्षा मोठी मोटर बसवली की कपॅसिटरवर खर्च होतो तो यामुळेच.

गोव्यात वीज खात्याचे दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. तुमच्या वर्गाचं बिल किलोवॅट-तासांवर निघतं की केव्हीए-तासांवर, आणि पॉवर फॅक्टर कितीच्या खाली गेला की आकार वाढतो, हे चालू दरपत्रकात पाहून मगच लक्ष्य ठरवा. १.० गाठायच्या मागे लागू नका. ०.९५ वरून पुढे जायला उरलेले १४.५ केव्हीएआरही भागवावे लागतात आणि त्यातून तिरपी बाजू घटते ती फक्त सव्वादोन केव्हीएनं.

खरेदी करताना कपॅसिटरवरचा आकडा नीट वाचा

कपॅसिटरच्या डब्यावर केव्हीएआरच्या शेजारी व्होल्टेजही छापलेलं असतं, बहुतेकदा ४४० व्होल्ट. तो केव्हीएआर ४४० व्होल्ट मिळाले तरच खरा. आपल्याकडे ४१५ आहेत. कपॅसिटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ४१५ ला ४४० नं भागून त्याचा वर्ग करा: ०.८९. म्हणजे ३० लिहिलेला कपॅसिटर आपल्याकडे २६.७ च देणार आणि पॉवर फॅक्टर ०.९४ वर अडकणार. २८ हवे असतील तर डब्यांवरची बेरीज ३१ च्या वर असायला हवी. बाजारात मिळणाऱ्या आकारांत ५, १० आणि २० असे तीन घेतले तर बेरीज ३५ होते, प्रत्यक्षात ३१, आणि पॉवर फॅक्टर ०.९७ च्या जवळ जातो.

तीन वेगवेगळे आकार घेण्याचं कारण पुढे आहे.

मासेमारी बंदीचे दोन महिने

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात. जेटीवर बर्फाला गिऱ्हाईक नसतं. मुख्य कॉम्प्रेसर बंद, एखादा पंप, दिवे, थोडीफार देखभाल. समजा लोड ६ किलोवॅट आणि ६ केव्हीएआर इतकाच उरला. कपॅसिटर मात्र स्विचवर कायमचे चालू ठेवलेले, ३१ केव्हीएआर देतच आहेत.

पुन्हा त्रिकोण काढा. पाया ६. उभी बाजू ६ वजा ३१, म्हणजे उणे २५. त्रिकोण पायाच्या खाली लटकला. करंट आता व्होल्टेजच्या पुढे चालतोय, याला लीडिंग म्हणतात. तिरपी बाजू २५.७ केव्हीए आणि पॉवर फॅक्टर ०.२३. कपॅसिटर नसते तर इनकमरला १२ अँपिअर लागले असते, आता ३६ लागतायत. बंदीच्या महिन्यांत ‘काहीच चालत नाही, तरी पॉवर फॅक्टर इतका वाईट कसा’ अशी तक्रार निघाली की मी आधी कपॅसिटरचे स्विच पाहायला सांगतो. काही मीटर लीडिंग `kVArh` सुद्धा `kVAh` मध्ये धरतात, काही फक्त लॅगिंग, म्हणजे मागे चालणाऱ्या करंटचे, धरतात. तुमचा कोणता, हे मीटर तपासणाऱ्या अभियंत्याला विचारून घ्या.

उपाय म्हणजे एपीएफसी, म्हणजे पॉवर फॅक्टर आपोआप राखणारं पॅनेल. त्यातला कंट्रोलर लोड पाहून ५, १० आणि २० चे टप्पे आत-बाहेर करतो. बंदीच्या लोडवर तो फक्त ५ चा टप्पा ठेवील आणि पॉवर फॅक्टर ०.९७ च्या आसपास राहील. पॅनेल बसवताना एक जागा चुकते ती सीटीची, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरची. कंट्रोलरला करंट दाखवणारी सीटी इनकमरवर, लोड आणि कपॅसिटर दोघांच्याही आधी हवी. ती कपॅसिटरच्या फाट्यानंतर लोडच्या बाजूला बसली तर कंट्रोलरला कपॅसिटरचा परिणाम कधी दिसतच नाही. तो एकामागून एक सगळे टप्पे आत घेतो आणि स्क्रीनवर ०.७२ तसाच राहतो. इनकमरला टाँग टेस्टर लावा: करंट घटलेला दिसतोय पण स्क्रीन हलत नाही, तर दोष सीटीच्या जागेत आहे.

पॅनेलात बसवलेल्या कपॅसिटरमुळे करंट कमी होतो तो पॅनेलच्या मागच्या, म्हणजे खात्याच्या बाजूच्या तारांतला. पॅनेलपासून कॉम्प्रेसरपर्यंतच्या केबलमधून पूर्वीइतकाच करंट जातो. ती केबल तापत असेल तर एपीएफसीनं काही फरक पडणार नाही. काही जण म्हणून मोटरच्या टर्मिनललाच कपॅसिटर जोडतात. तसं करायचं तर त्याचा केव्हीएआर मोटरला रिकामं फिरताना लागणाऱ्या केव्हीएआरच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी ठेवा. जास्त झाला तर सप्लाय तोडल्यावरही फिरती मोटर कपॅसिटरच्या आधारानं स्वतःच व्होल्टेज निर्माण करते आणि ते वाइंडिंगला धोक्याचं असतं. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर हा उद्योग करूच नका, पॅनेलातच ठेवा.

हा त्रिकोण कुठे पुरत नाही

कॉम्प्रेसरला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, लावलेला असेल तर करंटची लाट साइन आकाराची राहत नाही, तिच्यात हार्मोनिक्स, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या जास्तीच्या लाटा, मिसळतात. मग मीटरवर cos φ ०.९८ आणि खरा पॉवर फॅक्टर ०.८० असं दिसू शकतं. हा फरक कोनाचा नाही, लाटेच्या मोडतोडीचा आहे, आणि साधा कपॅसिटर तो भरून काढत नाही. उलट हार्मोनिक्सशी अनुनाद साधून कपॅसिटर स्वतःच फुगतो. अशा ठिकाणी कपॅसिटरच्या आधी रिअॅक्टर घालतात, साधारणपणे ७ टक्क्यांचा, आणि कपॅसिटर जास्त व्होल्टेजचा घेतात. हे काम अंदाजानं करू नये, आधी हार्मोनिक्स मोजून घ्यावेत.

दर महिन्याची तपासणी

जेटीजवळच्या खाऱ्या हवेत कॉन्टॅक्टर आणि लग लवकर गंजतात. ४४० व्होल्टचा १० केव्हीएआरचा चांगला कपॅसिटर ४१५ व्होल्टवर प्रत्येक फेजला सुमारे १२.४ अँपिअर घेतो. हा आकडा पॅनेलच्या दारावर आतून लिहून ठेवा. तिन्ही फेजमध्ये १२ च्या आसपास दिसत असेल तर ठीक. दोन फेजना ७-८ वर आला तर आतला एखादा भाग गेला आहे. तिन्ही फेजना सारखाच कमी झाला असेल तर डबा म्हातारा झालाय, बदलायची तयारी करा. झाकण वर फुगलेलं दिसलं तर मोजायलाही थांबू नका, तो टप्पा बंद करा. बंद केल्यावर किमान पाच मिनिटं थांबा, मीटरनं टर्मिनलवर व्होल्टेज शून्य असल्याची खात्री करा आणि मगच हात लावा. डिस्चार्ज रेझिस्टर तुटलेला असेल तर कपॅसिटरमधला चार्ज पाच मिनिटांनंतरही टिकून असतो.